सोनेरी नराचा शोध

दिगंबर पाध्ये कलकत्त्यातच जन्मला, कलकत्त्यातच वाढला. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या हिशेबखात्यात होते. घरात मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत त्याचं बालपण गेलं. तिन्ही भाषांत तो कमीच बोलायचा. बोलण्याचं काम त्यानं कॅमेऱ्यावर सोपवलं होतं. विशीतच त्यानं फोटोग्राफीचा धंदा धरला, लग्नमुंजी केल्या, आणि सेहेचाळीसच्या दंगलीत पोलिसांनी त्याला शवागारात नेऊन उभं केलं.

बेवारशी प्रेतांचे फोटो काढायचे, म्हणजे नातेवाइकांना ते दाखवून ओळख पटवता येईल, असं काम होतं. फुगलेले, चिरलेले, अर्धे जळालेले चेहरे. दिगंबर नाकावर कापूर लावलेला रुमाल बांधून फोटो काढी. एका बाईनं फोटोतल्या चौकड्यांच्या शर्टावरून आपला मुलगा ओळखला, त्याला अग्नी दिला, आणि पंधरवड्यानं मुलगा चालत घरी आला. ते ऐकून दिगंबरनं पोलिसांचं काम सोडलं. बायकोला, शारदेला, म्हणाला, "यापुढं मेलेल्यांचे फोटो नाही काढायचे."

"अहो, मग कुणाचे काढणार? लग्नं तर सगळ्यांनी पुढं ढकललीत."

"जनावरांचे," तो म्हणाला.

ही नुसती थट्टा नव्हती. गार्डन रीचच्या पलीकडं, गोदीजवळ, भूपती हालदार नावाच्या व्यापाऱ्याचा वाडगा होता. उंच भिंतींच्या आत पिंजऱ्यांच्या रांगा. आसाम, भूतान, सुंदरबन इथून पकडलेली जनावरं तिथं येत आणि बोटीत चढून परदेशच्या प्राणिबागांत जात. गिऱ्हाइकाला पाठवायला फोटो लागत. त्या कामावर दिगंबर लागला.

जिवंत जनावरं म्हणजे मरण नाही, हा त्याचा समज पहिल्याच आठवड्यात गळून पडला. एका मोठ्या माकडानं त्याच्यादेखत दुसऱ्याचा गळा फोडला. अजगराच्या पेटीत उंदीर जास्त टाकल्यामुळं उंदरांनीच अजगर कुरतडला. मेलेली जनावरं रोज सकाळी टोपलीत घालून नदीकडं जात. हालदार धिप्पाड, गोरा, पान खाणारा माणूस. मजुरांना तो छडीनं बडवी आणि जनावरांना लोखंडी सळईनं. पण धंद्यात पक्का होता, आणि दिगंबरला 'बाबू' म्हणून मान देई.

मान वाढला तो कालिज पक्ष्यांमुळं. दार्जिलिंगकडून रानकोंबड्यांसारख्या पक्ष्यांच्या दोन पेट्या आल्या. एका पेटीत निळसर काळे, मोठे, दुसरीत तपकिरी, अंगानं लहान. हालदार दोन जाती म्हणून ते दोन गिऱ्हाइकांना विकायला निघाला होता. दिगंबरनं दोन्ही फोटो धुऊन शेजारी शेजारी वाळत घातले आणि बघत राहिला. काळ्यापांढऱ्या फोटोत रंगाचा भपका नाहीसा झाला होता, नुसते आकार उरले होते. डोक्यावरचा मागं पडलेला तुरा दोघांचा एकच. डोळ्याभोवतीचं उघडं कातडं तेच. शेपटी धरायची ढबही तीच.

"हालदारबाबू, या जाती दोन नाहीत. काळा नर आहे, तपकिरी त्याची मादी. नर मोठा, मादी लहान."

हालदारनं एका तज्ज्ञाला विचारलं. दिगंबर बरोबर निघाला. जोड्या लावून विकल्यावर पक्ष्यांना चौपट भाव आला. त्या दिवसापासून हालदार येईल त्या माणसाला सांगू लागला, "आमचे दिगंबरबाबू फोटो बघून जात सांगतात." आणि दिगंबरलाही ते खरं वाटू लागलं. वाडग्यातली माकडं बघून बघून त्यानं स्वतःशी एक नियम बसवला होता. अंगानं थोराड आणि सुळे लांब तो नर. अंगानं बारीक आणि सुळे आखूड ती मादी. माकडांच्या बाबतीत तो नियम त्याला कधी दगा देत नव्हता.

एक्कावन्नच्या हिवाळ्यात जोबिन मराक आला. गारो डोंगरातला हा शिकारी बांबूच्या दोन पिंजऱ्यांसह सियालदहला उतरला, तेव्हा फलाटावर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचे संसार पसरलेले होते. त्यांच्यातून पिंजरे वाट काढत बाहेर आले, आणि पोरं ओरडत मागं लागली. पिंजऱ्यांत गिबन होते. शेपूट नसलेले, पायांहून हात लांब असलेले, झाडांवरून झोके घेत जाणारे हे वानर. बंगाली लोक त्यांना उल्लुक म्हणतात. एक काळाभोर होता, पांढऱ्या भुवयांचा. दुसरा पिकल्या भातासारखा सोनेरी, आणि त्याच्या चेहऱ्याभोवती पांढरं कडं.

हालदारला काळे उल्लुक माहीत होते. असा सोनेरी त्याच्या वाडग्यात पहिल्यांदाच आला होता.

दिगंबरनं दोघांना एका मोठ्या पिंजऱ्यात घालून फोटो काढला. काळा मागच्या कोपऱ्यात आक्रसून बसला. सोनेरी थेट गजांपाशी आला आणि भिंगाकडं बघून त्यानं ओठ मागं ओढले. चांगले बोटाच्या पेराएवढे सुळे बाहेर आले. दिगंबरनं नेमका तोच क्षण पकडला.

फोटो धुऊन झाला तसा त्यानं तो ओलाच दिव्याखाली धरला. सोनेरी थोराड दिसत होता, काळा त्याच्यापुढं बारका. सोनेरीचे सुळे नराचे. आता काळा आणि सोनेरी एका जातीचे नर-मादी असते, तर सोनेरी मादी म्हणून लहान असायला हवी होती आणि तिचे सुळे आखूड. इथं सगळं उलटं होतं. म्हणजे ही जातच वेगळी! सोनेरी गिबनाची नवी जात, आणि तिचा पहिला फोटो दिगंबर पाध्येनं काढलेला.

तो फोटो घेऊन वृंदाताई देवांकडं गेला. त्या मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, हाजरा रोडवरच्या मराठी मंडळात त्यांची ओळख झाली होती. पन्नाशीच्या, एकट्या राहणाऱ्या, बोलायला फटकळ. त्यांनी फोटो खिडकीशी नेला.

"पुस्तकात तर उल्लुकाचा नर काळा आणि मादी फिकी, भुरी असं दिलंय."

"पण ताई, आकार बघा ना. सुळे बघा. मादीचे असे असतात?"

"माकडिणीचे नसतात. गिबनिणीचे मी कधी पाहिले नाहीत." त्यांनी चष्मा काढला. "युद्धात इथल्या संग्रहातली कातडी काशीला हलवली, तिथं पुरात भिजून कुजली. ताडून पाहायला काही नाही. आणि दिगंबरराव, सोनेरी पुढं आहे, काळा मागं आहे. पुढचं मोठं दिसणारच. मधे एखादी पट्टी तरी धरली होतीत का? काळा पूर्ण वाढलेला आहे कशावरून?"

"दिसतोच आहे की."

"दिसतोय हे खरं. अंग हातात आल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. तुम्हीही म्हणू नका."

दिगंबर जिना उतरला तो चिडून. पुस्तकातलं वाक्य बाई धरून बसल्यात, आणि पुस्तक लिहिणाऱ्यानं तरी हा प्राणी कुठं बघितला असेल, असं त्याच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यानं हालदारला सांगून टाकलं, "नवी जात आहे. हा नर. याची मादीही सोनेरीच असणार, जरा लहान, आखूड सुळ्यांची."

हालदारनं ते फोटो परदेशी धाडले. एका प्राणिबागेनं सोनेरी गिबनाची जोडी मागितली, एक नर, एक मादी, आणि हालदारनं मराकला परत डोंगरात पिटाळलं. "काळे नकोत. सोनेरी मादी आण."

मराक गेला. पावसाळा आला आणि गेला. वाडग्यातला तो पहिला काळा उल्लुक अंगानं भरत चालला होता, पण त्याच्या काळ्या केसांत तपकिरी ठिपके पडू लागले. पाठीवर, मग मांड्यांवर. हालदार म्हणाला, खरूज आहे. मजुरांनी त्याला दोरांनी बांधून गंधकाचं तेल चोळलं. तो किंचाळत राहिला. ठिपके मात्र वाढतच गेले. दिगंबरनं त्याचा फोटो काढला नाही. रोगट जनावराचा फोटो कोण घेणार?

पुढच्या हिवाळ्यात मराक दोन पिंजरे घेऊन परत आला. एकात सोनेरी उल्लुक, पहिल्याहून जरा बारीक आणि रंगानं मळकट. दुसऱ्यात पूर्ण वाढलेला काळा, खांद्यात छऱ्यांची जखम, जखमेत किडे.

"हा काळा कशाला आणलास?" हालदार खेकसला.

"गोळी खाऊन खाली पडला, पण मेला नाही," मराक म्हणाला. "तसाच आणला. काळे नेहमी पुढं येतात, बाबू. सगळे ओरडायला लागतात, काळा फांद्या मोडत आमच्या अंगावर येतो. त्याला पाडल्याशिवाय सोनेरीला हात लावता येत नाही."

"किती पाडलेस?" दिगंबरनं सहज विचारलं.

मराकनं खांदे उडवले. "पुष्कळ. तुम्हीच म्हणालात, काळे नकोत."

दिगंबरनं नव्या सोनेरीचा फोटो काढला आणि पहिल्याच्या फोटोशेजारी ठेवला. हा लहान दिसत होता. तोंड मिटलेलं असल्यामुळं सुळे दिसत नव्हते. झालं, हीच मादी. त्यानं हालदारला हिरवा कंदील दाखवला. बोट लागायची होती, त्याआधी जोडी एकमेकांना सरावलेली बरी, म्हणून सकाळी दोन पिंजरे तोंडाला तोंड लावून मधली दारं वर ओढली.

दोन्ही सोनेरी एक क्षण एकमेकांकडं बघत राहिले. मग मोठ्यानं छताला लोंबकळून झेप घेतली.

गिबन भांडतात तेव्हा त्यांचे हात, पाय आणि दात एकाच वेळी चालतात. लहान्यानंही ओठ मागं ओढले, आणि दिगंबरला त्याचे सुळे दिसले. मोठ्याइतकेच लांब. पिंजरा हादरू लागला. सोनेरी केसांचे पुंजके हवेत उडाले, मग त्यांवर लाल थेंब दिसू लागले. साऱ्या वाडग्यातली माकडं किंचाळायला लागली. मजूर बांबू घेऊन धावले. मोठ्यानं लहान्याची मान धरली होती आणि सोडत नव्हती. दिगंबरनं कॅमेरा टाकला आणि पुढचामागचा विचार न करता मधलं दार पाडायला गजांतून डावा हात घातला.

कुणाचे दात होते ते त्याला कधीच कळलं नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून तुटली. तो मागं पडला तेव्हा हालदार सळईनं पिंजऱ्यात सरळ भोसकत होता, मोठ्याला, लहान्याला, जे पुढं येईल त्याला. शेवटी मोठा कोपऱ्यात सरकला. लहाना जमिनीवर पडून राहिला, गळ्यातून रक्ताचे बुडबुडे येत होते. मग तेही थांबले.

इस्पितळात जखम शिवून घेतल्यावर दिगंबर घरी गेला नाही. हात गळ्यात बांधलेला, तापानं डोळे लाल, तो तसाच वाडग्यात परतला, मेलेला उल्लुक गोणपाटात गुंडाळला आणि घोडागाडी करून वृंदाताईंच्या कॉलेजात नेला.

"अंग आणलंय ताई," तो म्हणाला. "सांगा."

वृंदाताईंनी त्याच्या हाताकडं बघितलं. त्यांनी प्रेत दगडी ओट्यावर उताणं ठेवलं, लांब केस पाण्यानं ओले करून बाजूला केले. "हे बघा. बाहेरून कळणं कठीणच. केसांत सगळं झाकलेलं आहे. फोटोत काय दिसणार, कपाळ?" मग त्यांनी पोट उघडलं. आतडी बाजूला सारली आणि चिमट्याच्या टोकानं खालच्या बाजूला दाखवलं.

"हे गर्भाशय. ही दोन अंडाशयं. मादी आहे, दिगंबरराव. तरुण मादी."

"मी मादीच म्हणालो होतो," दिगंबरच्या तोंडून निघून गेलं.

"हो? मग दुसरी कोण? नर असता तर आल्या आल्या असा गळा फोडला असता का? परक्या माद्या एकमेकींना सहन करत नाहीत." त्यांनी जबडा उघडून सुळ्यांवर पट्टी ठेवली. "आणि हे बघा. मादीचे सुळे. माकडाच्या मापानं तुम्ही गिबन मोजलात. यांच्यात सुळ्यांवरून बाई-बुवा कळत नाही. माझी खात्री आहे की अंगावरूनही कळत नसणार. रंगावरून तेवढं कळतं. आणि नेमकं तेच तुम्ही जात म्हणून धरलंत."

"पण मागचा काळा लहान होता."

"तो अजून आहे का वाडग्यात?"

"आहे. खरूज झालीय. तपकिरी पडत चाललाय."

वृंदाताईंनी चिमटा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ती मादी आहे. वयात येते आहे. पुस्तकात आहे ते, पण मी विसरले होते आणि तुम्ही वाचलं नव्हतं. यांची पिल्लं जन्मतात फिकी, मग सगळी काळी होतात. नर काळाच राहतो. मादी वयात आली की फिकी होते. तुमची नवी जात तुमच्या डोळ्यांदेखत जुन्या जातीतून निघते आहे, आणि तुम्ही तिला गंधक चोळताय."

दिगंबर तिथून निघाला तो सरळ मराककडं. मराक वाडग्याच्या भिंतीशी विडी ओढत बसला होता.

"ती सोनेरी पकडलीस तेव्हा तिच्याजवळ पिल्लू होतं?"

मराकनं त्याच्याकडं बघितलं. "पहिलीच्या पोटाला होतं. दुधावर होतं. वाटेत मेलं, टाकून दिलं."

"आणि तू बोलला नाहीस? ती बाई आहे हे तुला ठाऊक होतं आणि तू बोलला नाहीस?"

"तुम्ही तिला नर म्हणालात. मला कुणी विचारलं? सोनेरी आण म्हणालात, आणली."

पुढं काय झालं ते दिगंबरला नीट आठवत नसे. चांगल्या हातानं त्यानं भिंतीशी टेकलेला बांबू उचलला आणि मराकच्या डोक्यात घातला. मराक कोसळला, त्याच्या कानातून रक्त आलं. दिगंबरनं दुसरा घाव घातला, तिसरा खांद्यावर. मग मराक उठला. तो दिगंबरहून बुटका होता पण अंगानं दगडासारखा. त्यानं बांबू हिसकला आणि दिगंबरच्या बांधलेल्या हातावरच मारला. टाके उसवले. दिगंबर ओरडत मातीत लोळला, आणि मराक त्याच्यावर उभा राहून म्हणाला, "काळे मी मारले. मारायला सांगितलं कुणी?"

मजुरांनी दोघांना ओढून वेगळं केलं. मराक त्याच रात्रीच्या गाडीनं निघून गेला. पुन्हा कलकत्त्याला आला नाही.

हालदारला दिगंबरनं सगळं सांगितलं. सोनेरी नर नाहीच. कधी नव्हता. जो नर आहे तो पलीकडच्या पिंजऱ्यात किड्यांनी खाल्लेला खांदा चाटतोय. त्याला बरा करावा, सोनेरी मादीशेजारी ठेवून हळूहळू सरावू द्यावं, आणि साधी उल्लुकांची जोडी म्हणून विकावी.

हालदारनं पान थुंकलं. "साध्या उल्लुकाला कोण विचारतं? गिऱ्हाइकाला सोनेरी नर हवा. नर आहे म्हणता ना? मग सोनेरी करू."

दोन दिवसांनी दिगंबर वाडग्यात आला तर हवेत डोळ्यांत पाणी आणणारा वास होता. काळ्या नराला चार मजुरांनी दोरांनी आडवं पाडलं होतं, आणि हालदार स्वतः बादलीतलं औषध ब्रशनं त्याच्या अंगाला चोळत होता. विलायती बायका केस पिवळे करायला वापरतात ते पेरॉक्साइड, त्यात अमोनिया. छातीवरचे केस गंजल्यासारखे तांबूस झाले होते. ब्रश जखमेवरून गेला तेव्हा जखम फसफसली, आणि त्या जनावरानं जो आवाज काढला तो ऐकून एका मजुराच्या हातातली दोरी सुटली.

"सोडा त्याला!" दिगंबर ओरडला. "हालदारबाबू, सोडा म्हणतो ना!"

"तुमच्यामुळं करतोय हे!" हालदार मागं न बघता म्हणाला. "जात तुम्ही शोधलीत. नर मी बनवतो."

दिगंबरनं बादलीला लाथ मारली. औषध मजुरांच्या पायांवर उडालं, ते मागं सरले, आणि दोर सैल पडले. नर सुटला. पळायला जागा होती, भिंतीवर चढता आलं असतं, पण तो हालदारवरच गेला. त्यानं हालदारचा हात कोपराखाली दोन्ही हातांनी धरला आणि सुळे आत रुतवले. हालदार गुरासारखा हंबरला. दरवानानं सळई आणली. पहिल्या घावात नराचा पाय मोडला, तरी त्यानं दात सोडले नाहीत. दुसरा घाव पाठीवर पडला. तिसरा डोक्यावर. त्यानंतरही दरवान मारत राहिला, हालदार 'पुरे' म्हणेपर्यंत, आणि 'पुरे' म्हणायची शुद्ध हालदारला बऱ्याच वेळानं आली.

दिगंबर हे सगळं बघत उभा होता. त्याचा कॅमेरा गळ्यात होता. त्यानं तो उचलला नाही.

त्यानं फक्त प्रेत मागितलं. कुणी अडवलं नाही. कॉलेजात वृंदाताईंनी नर आणि ती तरुण मादी शेजारी शेजारी निजवली आणि शिंप्याची टेप लावली. डोक्यापासून बुडापर्यंत, मग हात, मग पाय. दोघांत फार तर बोटभर फरक होता. सुळे जवळजवळ सारखे. नराचं वजन किंचित जास्त भरलं, पण ते जनावर उपाशी होतं आणि मादीचं रक्त वाहून गेलेलं होतं, त्यामुळं त्यावरूनही काही सांगता येत नव्हतं.

"आता फोटो काढा," वृंदाताई म्हणाल्या. "पट्टी मधे ठेवून. दोघं एकाच अंतरावर. आणि नर काळा होता, हे छातीवरचं औषधानं झालंय, ते मागं लिहून ठेवा. नाहीतर उद्या कुणीतरी यातूनही तिसरी जात काढेल."

दिगंबरनं एका हातानं तो फोटो काढला. दोघांच्या मधोमध लाकडी पट्टी, काळा आणि सोनेरी, एकाचं डोकं फुटलेलं, दुसरीचा गळा फाटलेला, सुळे उघडे. मेलेल्यांचा फोटो न काढण्याचं बोलून सहा-सात वर्षं झाली होती.

हालदारचा हात सडला आणि कोपरापासून कापावा लागला. परदेशच्या त्या प्राणिबागेला दिगंबरनं तार केली, की जोडी नाही आणि जातही नाही. मोठी सोनेरी मादी बोटीवर चढण्याआधीच अन्न सोडून मेली. हालदारनं दिगंबरवर फिर्याद केली, पण ती टिकली नाही. पेरॉक्साइडची गोष्ट कोर्टात यावी असं हालदारच्या वकिलालाच वाटत नव्हतं. वाडगा वर्षभरानं विकला गेला.

दिगंबर वृंदाताईंच्या शिफारशीनं कॉलेजाच्या प्रयोगशाळेत लागला. नमुन्यांचे फोटो काढायचे, प्रत्येकाजवळ पट्टी ठेवायची, वय आणि लिंग अंग उघडून बघितल्यावरच लिहायचं. मुलींमध्ये त्याची ख्याती होती चिडका म्हणून. एकदा एका मुलीनं दोन शिकरा पक्ष्यांचे फोटो आणले, एक मोठा, दुसरा लहान, आणि म्हणाली, "काका, मोठा नर ना?" शिकारी पक्ष्यांत मादीच मोठी असते, हे त्याला एव्हाना ठाऊक होतं. तरी त्यानं तिच्या हातातून फोटो ओढून घेतला आणि टरकावला. मग स्वतःच खाली वाकून तुकडे गोळा केले, आणि तीन बोटांच्या हातानं ते जुळवत बसला. मुलगी रडत निघून गेली. दुसऱ्या दिवशी त्यानं तिची माफी मागितली.

ती ठिपके पडलेली, खरजुली समजलेली काळी गिबन तेवढी वाचली. वृंदाताईंनी खटपट करून तिला शहरातल्या प्राणिबागेत हलवलं. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ती डोक्यापासून पायापर्यंत सोनेरी झाली होती. लोक तिच्या पिंजऱ्यापुढं गर्दी करत. पाटीवर काळ्या नराचं चित्र होतं, म्हणून ही काहीतरी वेगळीच आहे असं म्हणत. दिगंबर सुरुवातीला शारदेला घेऊन रविवारी तिथं जाई.

बाकी कुणाला ती काही करत नसे, पोरांच्या हातून केळी घेई. दिगंबर दिसला की मात्र वरच्या फांदीवरून सुटे, थेट गजांवर येऊन आदळे, आणि ओठ मागं ओढून सुळे दाखवी. तेल चोळताना तिला बांधणारे मजूर होते, दोर त्यांनी धरले होते. दिगंबर फक्त बाजूला उभा राहून बघत असे. तिनं लक्षात ठेवला तो त्याचा चेहरा.

"अहो, मागं सरका," शारदा दर वेळी म्हणे, आणि त्याचा सदरा ओढी.

एकदा ती इतक्या जोरानं आदळली की तिचं नाक फुटून गजांवर रक्त आलं. राखणदारानं दिगंबरला दंडाला धरून बाहेर काढलं. त्यानंतर तो तिथं गेला नाही.